हळदीच्या पाकिटावर DE का असतं? सेंद्रिय कोड वाचायला शिकूया

आई पहिल्यांदा हॅम्बुर्गला आली तेव्हा तिनं माझा मसाल्याचा डबा उपसून काढला. सांगलीची बाई, हळद नखानं चोळून बघितल्याशिवाय भाजीत घालणार नाही. पाकीट उलटंसुलटं करून तिनं चष्म्यातून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "अगं, जर्मनीत हळद कधीपासून पिकायला लागली?" पाकिटावर हिरवं पान होतं आणि त्याखाली DE ने सुरू होणारा कोड. DE म्हणजे जर्मनी एवढं तिला विमानतळावरच कळलं होतं.

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. इथे नव्यानं आलेले विद्यार्थी आणि नोकरदार हाच कोड बघून "चला, इथल्याच शेतातलं आहे" असं समजतात, किंवा उलट, खाली 'ईयूबाहेरची शेती' वाचून "आपल्याला फसवलं" म्हणतात. दोन्ही गैरसमजांचं मूळ एकच आहे. ते दोन अक्षरी देशनाव शेताबद्दल काहीच सांगत नाही. मी काही वर्षं इथल्या एका मसाले भरणाऱ्या कंपनीत लेबलं तपासायचं काम केलं. तिथे रोज हाताखालून जाणाऱ्या या दोन ओळी कशा वाचायच्या, ते पायरीपायरीनं सांगते. घरातलं एखादं सेंद्रिय पाकीट समोर घेऊन बसलात तर जास्त बरं.

पहिली पायरी: पान शोधा, मग त्याच्या शेजारच्या दोन ओळी

युरोपीय संघाचं सेंद्रिय चिन्ह म्हणजे हिरव्या चौकोनात बारा पांढऱ्या ताऱ्यांनी काढलेलं पान. १ जुलै २०१० पासून ते वापरात आहे. युरोपीय संघात तयार झालेल्या पाकीटबंद सेंद्रिय खाद्यपदार्थावर ते असावंच लागतं. बाहेरून तयार होऊन आलेल्या पाकिटावर ते ऐच्छिक आहे. मात्र ऐच्छिक असलं तरी एकदा पान छापलं की शेतीचं ठिकाण सांगणं बंधनकारक होतं.

पान दिसलं की त्याच बाजूला नजर फिरवा. नियमच असा आहे की कोड पानाच्या त्याच दृष्टिक्षेपात हवा आणि शेतीची ओळ कोडच्या लगेच खाली हवी. आईच्या हातातल्या पाकिटावर हे होतं:

```
DE-ÖKO-006
Nicht-EU-Landwirtschaft
```

दोन ओळी, दोन वेगळ्या गोष्टी. वरची सांगते तपासणी कुणी केली, खालची सांगते पीक कुठे आलं. लोक या दोन ओळींना एकच वाक्य समजून वाचतात आणि तिथेच घोटाळा होतो.

दुसरी पायरी: वरच्या ओळीचे तीन तुकडे करा

पहिला तुकडा देशाचा, दोन अक्षरांचा. DE जर्मनी, NL नेदरलँड्स, FR फ्रान्स, IT इटली, AT ऑस्ट्रिया. मधला तुकडा 'सेंद्रिय' या अर्थाचा त्या त्या देशानं निवडलेला छोटा शब्द: जर्मनीत ÖKO, नेदरलँड्स, फ्रान्स आणि इटलीत BIO, स्पेनमध्ये ECO, आयर्लंडमध्ये ORG. तिसरा तुकडा आकडा, जास्तीत जास्त तीन अंकी. तो तपासणी करणाऱ्या संस्थेचा क्रमांक असतो. ००६ ही जर्मनीतली एबीसर्ट नावाची संस्था. नेदरलँड्समध्ये हे काम स्काल नावाची एकच संस्था बघते, म्हणून तिथल्या पाकिटावर NL-BIO-01 हाच कोड दिसतो. स्पेनच्या कोडला कधीकधी शेपूटही असतं, उदाहरणार्थ ES-ECO-001-AN. त्यातलं AN म्हणजे आंदालुसिया प्रांत.

इथे एक गोष्ट पक्की करून ठेवा. आकडा कंपनीचा नाही, तपासनीस संस्थेचा आहे. एबीसर्टकडे तपासणीला असलेल्या सगळ्या कंपन्यांच्या मालावर तोच ००६ येतो. तुमच्या दुधावर आणि हळदीवर एकच कोड असला तर दोन्ही एकाच कारखान्यातून आलेत असा त्याचा अर्थ होत नाही.

देशाची अक्षरं तरी संस्थेच्या मुख्य कार्यालयाची असतात का? तीही नाहीत. नियमातली व्याख्या अशी की जिथे तपासणी होते त्या देशाची अक्षरं घ्यायची. कंट्रोल युनियन ही मुळात नेदरलँड्समधली संस्था, पण श्रीलंकेत तपासलेल्या मालावर तिचा कोड LK-BIO-149 येतो आणि चीनमध्ये CN-BIO-149. आकडा संस्थेबरोबर राहतो, अक्षरं देशाबरोबर बदलतात.

तिसरी पायरी: विचारा, शेवटचा हात कुणाचा लागला?

साखळीत मालावर शेवटची प्रक्रिया ज्यानं केली, त्याच्या तपासनीस संस्थेचा कोड पाकिटावर येतो. युरोपीय संघाच्या सेंद्रिय कायद्यात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या २०१८/८४८ या नियमावलीत, 'प्रक्रिया' हा शब्द बराच मोठा आहे. दळणं, कापणं, साफ करणं तर आहेच, पण नुसतं पाकिटात भरणं आणि लेबल लावणं हेही त्यात धरलं आहे. वस्तूत तसूभर बदल झाला नाही तरी भरणारा हा 'शेवटचा हात' ठरतो.

आता आईच्या हळदीचा प्रवास बघू. समजा, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या एका गटानं सेंद्रिय हळद काढली. हळकुंडं उकडली, वाळवली, पॉलिश केली. इथपर्यंत सगळ्याची तपासणी भारतातल्या संस्थेनं केली आणि कागदोपत्री ही हळद भारतीय संस्थेच्या कोडखाली आहे. मग ती अख्खीच पोत्यांतून न्हावाशेवा बंदरातून निघाली. निघताना त्या खेपेसाठी तपासणीचं प्रमाणपत्र युरोपीय संघाच्या ट्रेसेस या संगणक प्रणालीत तयार झालं आणि हॅम्बुर्गला उतरल्यावर सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी ते मंजूर केलं. पुढे हॅम्बुर्गजवळच्या कारखान्यात हळकुंडं वाफेनं निर्जंतुक झाली, दळली गेली, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पाकिटांत भरली गेली. हा कारखाना एबीसर्टच्या तपासणीखाली आहे. म्हणून पाकिटावर DE-ÖKO-006.

याच हळदीचं दुसरं पोतं रॉटरडॅममध्ये उतरून तिथल्या कारखान्यात दळलं गेलं असतं तर पाकिटावर NL-BIO-01 आलं असतं. आणि भारतातच दळून, छापील पाकिटात भरून, सीलबंद आली असती तर कोड IN ने सुरू झाला असता. शेत तेच, शेतकरी तेच, हळदही तीच, पण कोड तीन. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे माहेर सांगत नाहीत, सासर सांगतात." मी आजवर ऐकलेल्या स्पष्टीकरणांत हे सगळ्यात नेमकं आहे.

एक बारकावा कामावर असताना वारंवार समोर यायचा. माल भारतातून तयार पाकिटात आला आणि इथल्या आयातदारानं खोकं न उघडता दुकानाला दिला, तर कोड भारतीयच राहतो. पण आयातदारानं पाकिटावर सेंद्रियपणाचा मजकूर असलेलं नवं जर्मन लेबल चिकटवलं, तर तेच लेबल लावणं 'प्रक्रिया' ठरतं आणि कोड DE होतो. एका चिकटपट्टीनं देशाची अक्षरं बदलतात. म्हणून पाकिटावर वेगळी लेबलपट्टी चिकटवलेली दिसली तर तिच्यावरचा कोड तिनं झाकलेल्या छपाईपेक्षा वेगळा असू शकतो. त्यात लबाडी असतेच असं नाही.

चौथी पायरी: शेताचं उत्तर खालच्या ओळीत शोधा

खालच्या ओळीत जर्मन पाकिटांवर सहसा यापैकी एक असतं:

```
EU-Landwirtschaft
Nicht-EU-Landwirtschaft
EU-/Nicht-EU-Landwirtschaft
```

लांडविर्टशाफ्ट म्हणजे शेती आणि निश्ट म्हणजे 'नाही'. पहिल्यात सगळा कच्चा माल संघातल्या देशांत पिकलेला, दुसऱ्यात सगळा बाहेरचा, तिसऱ्यात मिसळ. सगळा माल एकाच देशात पिकला असेल तर कंपनी देशाचं नाव लिहू शकते, संघ-बाहेर या शब्दांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला. नव्या नियमावलीत प्रदेशाचं नाव लिहायलाही जागा आहे. पण हे सगळं 'शकते'. बंधन फक्त त्या तीन पर्यायांचं. म्हणून हळदीवर 'भारत' न लिहिता 'ईयूबाहेरची शेती' एवढंच लिहिणारी कंपनी नियम मोडत नाही. असं लिहिण्यामागे अनेकदा साधा हिशेब असतो. यंदा भारतातून माल घेतला, पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातून घ्यावा लागला तर छापलेली हजारो पाकिटं फुकट जायला नकोत.

तिसरा पर्याय मला वैयक्तिकरित्या फार कमी उपयोगाचा वाटतो. 'ईयू/ईयूबाहेर' यात नव्वद टक्के कुठलं आणि दहा टक्के कुठलं हे कळत नाही. अर्धं अर्धं असलं तरी तेच लिहितात.

थोडं गणित करून बघू, कारण इथे एक सवलत दडलेली आहे. पाचशे ग्रॅमचं म्यूसली घ्या. ओट आणि सूर्यफुलाच्या बिया मिळून ४६० ग्रॅम, सगळं युरोपीय संघातलं. बेदाणे ४० ग्रॅम, तुर्कस्तानातले. तुर्कस्तान संघात नाही. बेदाण्याचा वाटा निघाला ८ टक्के, म्हणून पाकिटावर तिसरा पर्याय, मिसळ. आता कंपनीनं बेदाणे कमी करून २० ग्रॅम केले आणि ओट वाढवले. वाटा झाला ४ टक्के. शेतीतून आलेल्या एकूण कच्च्या मालाच्या वजनात ५ टक्क्यांपर्यंतचा माल या ओळीसाठी न धरता चालतो, म्हणून आता पाकिटावर नुसतं 'ईयू-शेती' येऊ शकतं आणि तुर्की बेदाणे मात्र आतमध्ये असतातच. आधीच्या नियमावलीत ही सूट २ टक्के होती. पाणी आणि मीठ शेतात पिकत नाहीत, म्हणून ते या वजनात धरतच नाहीत. मसाल्याच्या मिश्रणात मीठ बरंच असेल तर हे लक्षात ठेवा, कारण मीठ वगळलं की बाकीच्या जिनसांची टक्केवारी वाढते.

पाचवी पायरी: पत्ता आणि इतर खुणा वेगळ्या ठेवा

पाकिटावर आणखी एक पत्ता असतो, विकणाऱ्या कंपनीचा. सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडवर तो बहुतेक वेळा मुख्य कार्यालयाचा असतो. त्यामुळे एकाच पाकिटावर तीन देश दिसू शकतात: पत्ता जर्मनीचा, कोड NL ने सुरू होणारा, शेती संघाबाहेरची. नेदरलँड्समध्ये भरून जर्मन दुकानासाठी पाठवलेल्या काजूंवर हे अगदी नेहमीचं. यात विसंगती काही नाही, तीन प्रश्नांची तीन उत्तरं आहेत.

अंड्यांच्या बाबतीत मात्र नवी माणसं हमखास गोंधळतात, कारण तिथे देशाची अक्षरं दोनदा येतात आणि अर्थ वेगळा असतो. सेंद्रिय अंड्याच्या कवचावर ० ने सुरू होणारा शिक्का असतो: ०, मग देश, मग पुढचा क्रमांक. ० म्हणजे सेंद्रिय पद्धतीनं पाळलेल्या कोंबड्या. आणि इथली देशाची अक्षरं खरोखर शेताची असतात, म्हणजे कोंबडी जिथे अंडं घालते त्या देशाची. डब्यावरचा सेंद्रिय कोड मात्र पुन्हा शेवटच्या हाताचा, म्हणजे अंडी डब्यात भरणाऱ्या केंद्राचा. म्हणून डब्यावर DE-ÖKO आणि आतल्या अंड्यावर 0-NL असं निघालं तर अंडी नेदरलँड्सची आहेत आणि जर्मनीत भरली आहेत. अंड्याचा देश हवा असेल तर डबा उघडून कवच बघा, डब्यावरच्या पानाजवळ शोधू नका.

दुधाच्या पिशवीवर एक लंबगोल शिक्का दिसतो, त्यातही DE असतं. तो डेअरीचा, म्हणजे शेवटी जिथे दुधावर प्रक्रिया झाली त्या कारखान्याचा. गाय कुठली ते त्यावरून कळत नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एवढंच की तिथल्या पाकिटावर कोड GB-ORG ने सुरू होतो आणि खालच्या ओळीत संघाऐवजी ब्रिटनची शेती की ब्रिटनबाहेरची हे लिहिलेलं असतं. बाकी वाचायची रीत तीच. भारतात घेतलेल्या पाकिटावर मात्र देशाच्या अक्षरांचा असा कोड शोधत बसू नका. तिथे इंडिया ऑरगॅनिक किंवा जैविक भारत ही चिन्हं आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघायचा.

सहावी पायरी: शंका असेल तर पडताळा

आधी मांडणी तपासा. पान आहे पण कोड नाही, कोड आहे पण खालची ओळ नाही, अक्षरांऐवजी नुसता आकडा, किंवा देशाची अक्षरं आणि मधला शब्द जुळत नाहीत, उदाहरणार्थ DE च्या पुढे ECO. अशा वेळी लेबल करताना चूक झाली असेल किंवा आणखी काही, पण विचारायला कारण आहे. आमच्याकडे एकदा छपाईवाल्यानं जुन्या फाइलमधून कोड उचलला आणि आम्ही आधीच सोडलेल्या तपासनीस संस्थेचा आकडा हजारो पाकिटांवर आला. हळद उत्तम होती, तरी सगळ्या पाकिटांवर नवी लेबलं लावावी लागली.

मग कंपनी खरंच प्रमाणित आहे का ते बघा. युरोपीय संघाच्या ट्रेसेस प्रणालीत सेंद्रिय कंपन्यांची प्रमाणपत्रं कुणालाही शोधता येतात. कंपनीचं नाव टाकायचं, देश निवडायचा. प्रमाणपत्रावर तपासनीस संस्थेचा कोड, मुदत आणि कोणत्या प्रकारच्या मालासाठी ते दिलं आहे हे असतं. लक्षात ठेवा, पाकिटावरचं विकणाऱ्याचं नाव आणि भरणाऱ्याचं नाव वेगळं असू शकतं. विकणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर वेगळा कोड दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

देशच हवा असेल तर कंपनीला ईमेल करा. त्यात उत्पादनाचं नाव, पाकिटाचं वजन, 'याआधी वापरा' ही तारीख आणि बॅच क्रमांक लिहा. बॅच क्रमांक बहुधा L ने सुरू होतो आणि बहुतेकदा तारखेच्या शेजारीच असतो. "तुमची हळद कुठली?" असं विचारलंत तर "विविध देशांतून" हे ठरीव उत्तर येतं. बॅच क्रमांक दिला की समोरच्याला त्या पोत्यांची नोंद काढावी लागते. आमच्या कचेरीत अशी पत्रं माझ्याकडेच यायची आणि उत्तर द्यायला मला अर्धा तासही लागायचा नाही, कारण आत येणारी प्रत्येक खेप आणि बाहेर जाणारी प्रत्येक बॅच जोडून ठेवल्याशिवाय तपासणीच पार पडत नाही.

आईसाठी मी तेच केलं. दोन दिवसांत उत्तर आलं: भारत. तिला पुढचा प्रश्न होताच, "कुठल्या गावची?" ते मात्र कंपनी सांगू शकली नाही, आणि त्यात आडमुठेपणा नव्हता. भारतातली बरीचशी सेंद्रिय हळद शेतकऱ्यांच्या गटांकडून येते. गटातल्या अनेकांची हळद एकत्र उकडली, पॉलिश केली आणि एका लॉटमध्ये घातली जाते, आणि हॅम्बुर्गला पोचणाऱ्या कागदावर लॉट असतो, शेत नव्हे. शेतापर्यंतची नोंद गटाकडे आणि भारतातल्या तपासनीस संस्थेकडे राहते. आईनं हळद बोटावर घेऊन चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "आपल्याकडची वाटत नाही. पण भारतातली आहे ना, घाल."